संबंधित पक्ष व्यवहाराला विरोध आणि स्वतंत्र संचालकाचा राजीनामा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रमोटरच्या नातेवाइकाशी होणारा एखादा व्यवहार पटत नाही, बोर्ड ऐकत नाही आणि स्वतंत्र संचालकाला बाहेर पडावंसं वाटतं. अशा वेळी पत्रात काय लिहायचं, हे विचारणारे फोन मला कंपनी सेक्रेटरी म्हणून बरेच येतात. बहुतेक जण पत्र पाठवून झाल्यावर फोन करतात, आणि तेव्हा हाताशी फारसं काही उरलेलं नसतं. खाली एकच प्रकरण सगळीकडे वापरलं आहे. ते माझ्या पाहण्यातलं आहे. ओळख पटू नये म्हणून आकडे आणि तपशील बदलले आहेत, त्यातला पेच मात्र तसाच ठेवला आहे.

आधी ते प्रकरण सांगाल का?

शेअर बाजारात नोंदलेली एक उत्पादक कंपनी. मागच्या वर्षीची एकत्रित उलाढाल 1,850 कोटी रुपये. ऑडिट कमिटीत चार जण: तीन स्वतंत्र संचालक आणि एक पूर्णवेळ संचालक. मार्चच्या पहिल्या आठवड्यात कमिटीपुढे प्रस्ताव आला की गोदामासाठी 142 कोटींना जमीन घ्यायची. विकणारी खाजगी कंपनी व्यवस्थापकीय संचालकांच्या सख्ख्या भावाची, म्हणजे कायद्याने संबंधित पक्ष.

कमिटीतल्या एका स्वतंत्र संचालक बाईंनी मूल्यांकन अहवाल शेवटच्या पानापर्यंत वाचला. अहवालात जमिनीची किंमत 148 कोटी धरली होती, त्यामुळे 142 कोटी स्वस्तच वाटत होते. पण मूल्यांककाची नेमणूक विकणाऱ्या कंपनीने केली होती. शिवाय नकाशाखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: ‘जागेवरील तयार शेडचा या मूल्यांकनात समावेश नाही.’ मग ती शेड कुणाची? बाईंनी पुढच्या वर्षाचं रोकड अंदाजपत्रक काढलं. त्यात एप्रिलच्या खान्यात ‘गोदाम इमारत हस्तांतरण, 61 कोटी’ अशी नोंद होती.

एकाच जागेचा, एकाच विक्रेत्याशी होणारा व्यवहार 31 मार्चच्या दोन बाजूंना विभागला होता. आता हे का केलं असावं ते बघा.

तारखेने एवढा काय फरक पडतो?

सेबीच्या लिस्टिंग नियमांप्रमाणे संबंधित पक्षाबरोबरचा व्यवहार ‘महत्त्वाचा’ ठरला, की त्याला भागधारकांची आधी मंजुरी लागते, आणि त्या ठरावाच्या बाजूने कोणत्याही संबंधित पक्षाला मत देता येत नाही. थोडक्यात, प्रमोटर बाजूला होतात आणि बाकीचे भागधारक ठरवतात. या आकाराच्या कंपनीसाठी ती रेषा उलाढालीच्या 10 टक्क्यांवर, म्हणजे 185 कोटींवर होती. मोजताना एका आर्थिक वर्षात त्याच पक्षाशी झालेले व्यवहार एकत्र धरतात.

142 आणि 61 मिळून 203 कोटी. दोन्ही एकाच वर्षात आले असते तर रेषा ओलांडली गेली असती. मार्चमध्ये 142 आणि एप्रिलमध्ये 61 असे केले, तर दोन्ही वर्षांत कंपनी रेषेच्या आत राहते. कंपनी कायद्यातली वेगळी मर्यादाही 142 कोटींनी ओलांडली जात नव्हती. म्हणजे एकेका कागदापुरतं पाहिलं तर सगळं नियमात होतं. म्हणूनच बाईंचा आक्षेप ‘हे बेकायदेशीर आहे’ असा नव्हता. ‘हा एकच व्यवहार आहे आणि तो भागधारकांपुढे गेला पाहिजे’ एवढंच त्यांचं म्हणणं होतं. हा फरक लक्षात ठेवा, पत्र लिहिताना त्याचाच उपयोग होतो.

पटलं नाही तर लगेच राजीनामा द्यावा का?

माझं मत स्पष्ट आहे: नाही. आधी विरोध नोंदवा, तो इतिवृत्तात नीट आलाय याची खात्री करा, मग जायचं की नाही ते ठरवा.

राजीनामा कंपनीला मिळाला की बोर्डाचे कागद मागण्याचा तुमचा अधिकार संपतो. पुढच्या बैठकीत एप्रिलचा प्रस्ताव कसा मांडला गेला, हे विचारायला तुम्ही तिथे नसता. कमिटीत संबंधित पक्षाच्या व्यवहाराला मंजुरी देण्याचा अधिकार फक्त स्वतंत्र संचालकांना असतो. आपल्या प्रकरणात ते तिघेच होते. मतं दोनास एक पडली आणि प्रस्ताव मंजूर झाला. पुढच्या वेळी एकाचं मन वळलं असतं, तर निकाल उलटा लागला असता. निघून गेलात की ती शक्यताच राहत नाही.

तरी काही वेळा बाहेर पडणंच योग्य असतं. मागितलेली माहिती दिली जात नाही, इतिवृत्त मुद्दाम वेगळं लिहिलं जातं, किंवा व्यवहार चार दिवसांत पूर्ण होणार आहे आणि भागधारकांपर्यंत गोष्ट पोचवायला तुमच्या पत्राशिवाय वाट नाही. बाईंच्या बाबतीत यातल्या पहिल्या दोन गोष्टी घडल्या.

बैठकीत तोंडी विरोध केला होता. तेवढं पुरत नाही का?

पुरत नाही. इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बैठकीनंतर 15 दिवसांत इतिवृत्ताचा मसुदा संचालकांकडे येतो आणि हरकत कळवायला 7 दिवस मिळतात. कंपनी सेक्रेटरींच्या सचिवीय मानकात हे ठरवून दिलेलं आहे. बाईंकडे आलेल्या मसुद्यात त्या प्रस्तावाखाली एवढंच होतं: ‘काही सदस्यांनी शंका विचारल्या. व्यवस्थापनाने समाधानकारक खुलासा केला. सविस्तर चर्चेनंतर ठराव मंजूर करण्यात आला.’

यात विरोध कुठेच नाही. विरोध करणाऱ्या संचालकाचं नाव इतिवृत्तात यायला हवं, ते नाही. ‘समाधानकारक’ या शब्दाने तर त्यांचं समाधान झाल्याचं परस्पर नोंदवून टाकलं होतं. उद्या चौकशी झाली तर चौकशी अधिकारी हाच कागद हातात घेतो. कंपनी कायद्याच्या कलम 149(12) प्रमाणे स्वतंत्र संचालकाची जबाबदारी मर्यादित आहे: गोष्ट त्याच्या माहितीत होती का, ती बोर्डाच्या प्रक्रियेतून त्याच्यापर्यंत आली होती का, त्याची संमती किंवा संगनमत होतं का, आणि त्याने योग्य काळजी घेतली होती का, हे पाहिलं जातं. प्रस्ताव कमिटीपुढेच आलेला, म्हणजे माहिती नव्हती असं म्हणता येत नाही. उरतात संमती आणि काळजी, आणि त्या दोन्ही या तीन वाक्यांवर ठरणार.

बाईंनी पाचव्या दिवशी मेल केला. त्यात ताशेरे नव्हते, फक्त बदलून हवा असलेला मजकूर होता: ‘मी ठरावाच्या विरोधात मत दिले. कारणे: एक, मूल्यांकक विक्रेत्याने नेमला आहे. दोन, त्याच जागेवरील इमारतीचा 61 कोटींचा नियोजित व्यवहार प्रस्तावात दाखवलेला नाही. दोन्ही व्यवहार एकत्र धरून भागधारकांची मंजुरी घ्यावी आणि कंपनीने नेमलेल्या मूल्यांककाकडून दुसरा अहवाल घ्यावा, अशी माझी मागणी आहे.’ स्वतंत्र संचालकांच्या आचारसंहितेत, म्हणजे कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत, हा आग्रह त्यांचं कर्तव्य म्हणूनच लिहिलेला आहे. शंका सुटली नसेल तर ती इतिवृत्तात नोंदवायला लावा, असं ती सांगते. गरज पडल्यास कंपनीच्या खर्चाने बाहेरच्या तज्ज्ञाचा सल्ला घ्या, असंही सांगते.

अंतिम इतिवृत्तात त्यांचा मजकूर आला नाही. दुसरा मूल्यांकक नेमायलाही बोर्डाने नकार दिला. तेव्हा त्यांनी राजीनाम्याचं ठरवलं.

पत्रात ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहिलं तर काय बिघडतं? शांतपणे बाहेर पडता येईल.

हा सल्ला बहुतेकदा कंपनीकडूनच येतो, आणि तो गोड आवाजात येतो. ‘तुमचं नाव खराब होऊ नये म्हणून सांगतो, मॅडम.’

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत हा मार्ग सरळ नाही. सेबीच्या नियमांप्रमाणे स्वतंत्र संचालकाने सविस्तर कारणं द्यायची असतात आणि त्यासोबत लेखी सांगायचं असतं, की दिलेल्या कारणांखेरीज दुसरं कोणतंही महत्त्वाचं कारण नाही. कंपनीला ते पत्र आणि ती खात्री, दोन्ही राजीनाम्यापासून 7 दिवसांत शेअर बाजाराला द्यावी लागतात. जानेवारी 2022 पासून कारणांचा सारांश चालत नाही, मूळ पत्रच द्यावं लागतं.

म्हणजे ‘वैयक्तिक कारण’ लिहून खाली ‘दुसरं कोणतंही कारण नाही’ अशी सही केली, की खोटं विधान तुमच्या सहीने जाहीर झालं. दोन वर्षांनी तो जमिनीचा व्यवहार उघडला गेला आणि तुम्ही म्हणालात की मी तर विरोध केला होता, तर समोरचा वकील तुमचंच पत्र काढून दाखवेल. खरोखर तब्येतीचं कारणही असेल तर तेही लिहा, पण दोन्ही लिहा.

मग पत्र नेमकं कसं असावं?

छोटं, तारखांसह, आणि अनोळखी भागधारकाला एका वाचनात कळेल असं. बाईंनी पाठवलेल्या पत्राचा गाभा असा होता:

> अध्यक्ष, संचालक मंडळ यांस,
>
> मी कंपनीच्या स्वतंत्र संचालक पदाचा आणि ऑडिट कमिटीच्या सदस्यत्वाचा राजीनामा देत आहे. हे पत्र कंपनीला मिळाल्यापासून तो अमलात यावा.
>
> मार्च महिन्यातील ऑडिट कमिटीच्या बैठकीत संबंधित पक्षाकडून जमीन खरेदीच्या प्रस्तावाला मी विरोधी मत दिले. त्याच जागेवरील इमारतीचा त्याच पक्षाशी होणारा व्यवहार पुढील आर्थिक वर्षात नियोजित आहे. माझ्या मते हा एकच व्यवहार आहे आणि तो भागधारकांच्या मंजुरीसाठी ठेवायला हवा. कंपनीने स्वतः नेमलेल्या मूल्यांककाचा अहवाल घेण्याची माझी लेखी मागणी मंडळाने मान्य केली नाही. माझे विरोधी मत व त्याची कारणे मी मसुदा इतिवृत्तावरील हरकतीत दिली होती, ती अंतिम इतिवृत्तात आलेली नाहीत.
>
> या परिस्थितीत स्वतंत्र संचालक म्हणून माझे कर्तव्य पार पाडणे मला शक्य वाटत नाही.
>
> वरील कारणांखेरीज माझ्या राजीनाम्यामागे दुसरे कोणतेही महत्त्वाचे कारण नाही.

सोबत एका वेगळ्या कागदावर त्या शेअर बाजारात नोंदलेल्या आणखी कोणत्या कंपन्यांत संचालक आहेत, कोणत्या प्रकारच्या संचालक आहेत आणि कोणत्या समित्यांवर आहेत, ही यादी होती. कंपनीला तीही जाहीर करावी लागते, मग ती तुम्हीच अचूक दिलेली बरी.

या पत्रात ‘फसवणूक’ हा शब्द नाही, भावाचा उल्लेख नाही, कुणाच्या हेतूबद्दल एक अक्षर नाही. काय मांडलं गेलं, काय मागितलं आणि काय नाकारलं, एवढंच आहे. हेतू तुम्हाला माहीत नसतो आणि सिद्धही करता येत नाही. ‘एकच व्यवहार आहे’ या वाक्यामागे ‘माझ्या मते’ आहे, कारण ते मत आहे. मतदान आणि नकार यांना ते शब्द जोडलेले नाहीत, कारण त्या घटना आहेत. बदनामीच्या दाव्याची भीती दाखवली जाते तेव्हा असं लिहिलेलं पत्रच टिकतं.

पत्रात रकमा का नाहीत?

व्यवहार बाजाराला जाहीर झालेला नसेल, तर त्याची किंमत ही शेअरच्या भावावर परिणाम करणारी अप्रकाशित माहिती असू शकते, आणि गोपनीयतेचं बंधन राजीनामा देतानाही तुमच्यावर असतं. कोणत्या बैठकीतला कोणता प्रस्ताव, इतकं लिहिलं की भागधारकाला प्रश्न विचारता येतो. मूल्यांकन अहवाल पत्राला जोडू नका. पत्र आधी पत्रकाराला तर अजिबात देऊ नका, बाजाराला ते कंपनीकडून जाऊ द्या. आणि ही माहिती तुमच्याकडे आहे तोवर त्या कंपनीच्या शेअरमध्ये खरेदी-विक्री करू नका, राजीनामा दिलेला असला तरी.

बोर्डाने राजीनामा स्वीकारलाच नाही तर?

स्वीकारण्याचा प्रश्न येत नाही. कलम 168 प्रमाणे राजीनाम्याची सूचना कंपनीला मिळाली त्या दिवशी, किंवा पत्रात नंतरची तारीख दिली असेल तर त्या दिवशी, राजीनामा लागू होतो. बोर्डाने फक्त त्याची नोंद घ्यायची असते.

म्हणून ‘मिळाल्याचा’ पुरावा जपा. कंपनीच्या नोंदणीकृत मेलवर, कंपनी सेक्रेटरींना आणि अध्यक्षांना एकाच मेलने पाठवा, शिवाय नोंदणीकृत कार्यालयात पोच घेऊन कागद द्या. ‘जरा थांबा, बोलू या’ असा फोन आला तर बोला, पण पत्र मागे घेऊन दुसरं सौम्य पत्र देऊ नका. दोन पत्रं असली की कोणतं खरं, हा वाद आयुष्यभर पुरतो.

कंपनीने कंपनी निबंधकांना कळवलंच नाही तर त्यांच्या नोंदीत माझं नाव तसंच राहील का?

कंपनीने 30 दिवसांत संचालक बदलल्याचा डीआयआर-12 हा फॉर्म भरायचा असतो. तुम्ही स्वतः डीआयआर-11 भरून पत्राची प्रत सविस्तर कारणांसह निबंधकांना 30 दिवसांत पाठवू शकता. 2018 पासून ते सक्तीचं राहिलेलं नाही, आणि म्हणून बरेच जण सोडून देतात. अशा वादात मात्र ते भराच. पाठवल्याचा आणि पोचल्याचा पुरावा जोडावा लागतो, तुमची डिजिटल सही चालू असावी लागते. सहीची मुदत संपली आहे हे बहुतेकांना त्याच संध्याकाळी कळतं, तेव्हा आधी तपासा.

माझी कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही. मग?

मग बाजाराला पत्र देण्याचा आणि ‘दुसरं कारण नाही’ या खात्रीचा सेबीचा नियम लागू होत नाही. कारणं बाहेर नोंदवण्याची तुमची वाट डीआयआर-11 हीच. त्यामुळे तिथे ते अधिकच गरजेचं ठरतं.

राजीनाम्यानंतर माझी जबाबदारी संपते का?

पुढच्या निर्णयांची संपते, तुमच्या काळातल्या निर्णयांची नाही. कलम 168 मध्ये ते स्पष्ट लिहिलेलं आहे. 142 कोटींचा ठराव बाई पदावर असताना झाला, म्हणून त्यांचं विरोधी मत त्यांना पुढेही दाखवता आलं पाहिजे. एप्रिलच्या 61 कोटींशी त्यांचा संबंध नाही.

सत्यमचं उदाहरण इथे आठवतं. 16 डिसेंबर 2008 रोजी सत्यमच्या बोर्डाने प्रवर्तक कुटुंबाशी संबंधित दोन मेटास कंपन्या सुमारे 1.6 अब्ज डॉलरना घेण्याला मंजुरी दिली. गुंतवणूकदारांच्या संतापामुळे तो बेत काही तासांतच सोडावा लागला, आणि त्याच महिन्यात काही स्वतंत्र संचालक बाहेर पडले. पण मंजुरी आधी दिलेली होती. नंतरच्या राजीनाम्याने ती पुसली जात नाही.

सोबत काय काय घेऊन जावं?

प्रस्तावाची टिपणं, तुमचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं, इतिवृत्ताचा मसुदा, त्यावरची तुमची हरकत, अंतिम इतिवृत्त. एवढं पुरे. तुमच्या कार्यकाळातल्या बैठकांच्या इतिवृत्ताची प्रत पद सोडल्यानंतरही मागता येते. कंपनीचा मेल आयडी राजीनाम्याच्या दिवशीच बंद होऊ शकतो, म्हणून तुमच्या स्वतःच्या हरकतीचा मेल सुरुवातीपासूनच वैयक्तिक पत्त्यावरही ठेवलेला असावा. बाकीची गोपनीय कागदपत्रं मात्र घाऊकपणे उतरवून घेऊ नका.

वैधानिक लेखापरीक्षकांशी बोलू का?

बोला, पण पदावर असताना. ऑडिट कमिटीच्या सदस्याने लेखापरीक्षकांना थेट प्रश्न विचारणं हा त्या कामाचाच भाग आहे. बाईंनी राजीनाम्याच्या आठवडाभर आधी लेखी विचारलं होतं, की हे दोन व्यवहार तुम्ही ताळेबंदाच्या टिपांत एकत्र दाखवणार की वेगळे? उत्तर आलं नव्हतं. तरी तो प्रश्न लेखापरीक्षकांच्या फायलीत जाऊन बसला.

माझ्या जागी कोण येणार, आणि मला त्याच गटात पुन्हा घेता येतं का?

जागा 3 महिन्यांत भरावी लागते. राजीनामा दिलेल्या स्वतंत्र संचालकाला त्या कंपनीत, तिच्या मूळ, उप किंवा सहयोगी कंपनीत किंवा प्रमोटर गटातल्या कंपनीत वर्षभर पूर्णवेळ किंवा कार्यकारी संचालक म्हणून घेता येत नाही.

पुढे त्या व्यवहाराचं काय झालं?

पत्र बाजाराच्या संकेतस्थळावर आल्यावर दोन संस्थात्मक भागधारकांनी कंपनीला इमारतीबद्दल लेखी विचारणा केली. जमिनीची खरेदी तोवर झालेली होती, ती परतली नाही. एप्रिलचा 61 कोटींचा प्रस्ताव कंपनीने स्वतःहून भागधारकांच्या मतदानाला ठेवला. त्यासोबत कंपनीने नेमलेल्या मूल्यांककाचा अहवाल होता, आणि त्यात इमारतीची किंमत 44 कोटी धरली होती.